तीर्थ : पळीतलं आणि काठावरचं

"पूजा झाल्यावर आजी हातावर पळीभर पाणी देते, ते तीर्थ. काशी, हरिहरेश्वर हीही तीर्थं. पाण्याला आणि गावाला एकच शब्द कसा?"

मुळात हा शब्द ना गावाचा, ना पवित्र पाण्याचा. संस्कृतात 'तॄ' म्हणजे तरणं, ओलांडणं. त्यावरून 'तीर्थ' म्हणजे नदीत जिथून उतरता येतं ती जागा, उतार किंवा घाट. प्रत्येक काठावरून उतरता येत नाही. कुठे दरड असते, कुठे चिखल, कुठे पाण्याला ओढ. जिथे पाय टिकतो, ते तीर्थ. खाडी ओलांडणाऱ्या होडीला जुनी माणसं 'तर' म्हणतात, तोही याच धातूचा. 'तारू' आणि 'उतारू' त्याचेच भाऊबंद.

म्हणजे शब्दाच्या हिशेबाने तीर्थ हा अलीकडचा काठ झाला. यात्रेकरू तिथे पोचतो, तेव्हा ओलांडणं अजून व्हायचंच असतं. जैन परंपरेने हा अर्थ फार नेमका जपलाय. तीर्थंकर म्हणजे संसार तरून जायला उतार करून देणारा, आणि त्याने स्थापलेलं तीर्थ म्हणजे साधू, साध्वी, श्रावक, श्राविका यांचा संघ. तिथे काठ माणसांचाच आहे.

तुम्ही हरिहरेश्वराचं नाव घेतलंत, ते मला फार आवडलं. मंडणगडाकडून जाणारा वेसवीला फेरीबोटीत चढतो, बाणकोटची खाडी ओलांडून बागमांडल्याला उतरतो. पुढे देवळाची प्रदक्षिणा कातळातल्या पायऱ्यांनी थेट समुद्राकडे उतरते, आणि ती ओहोटीलाच करायची. भरतीला लाटा त्या वाटेवर येतात. उतरायची जागा ठरलेली, वेळही ठरलेली. शब्दाचा जुना अर्थ तिथे पायांना कळतो.

अरबी 'हज'मध्ये काठ नाही, रोख आहे: एखाद्या ठिकाणाचा संकल्प धरून निघणं. मुंबईहून जहाजाने हजला जात, त्या काळी मक्केच्या वाटेवरच्या यलमलम या ठरलेल्या हद्दीची सीध आली की इहराम बांधायचा. पुरुष भर समुद्रात बिनशिवणीची दोन वस्त्रं नेसत आणि नियत करत. खोत कोण आणि खलाशी कोण, हे कपड्यांवरून ओळखू येत नसे. तिथून पुढे भांडण नाही, शिकार नाही, केस-नखं कापणं नाही. जेद्दा बंदर अजून लागायचं असे. माणसाने बदलायचं ते मक्का दिसण्याआधीच, बोटीवर.

आता आजीची पळी. उताराच्या जागी लोक स्नान करू लागले, म्हणून ती जागा पवित्र. जागेमुळे तिथलं पाणी पवित्र. ते गडूत भरून घरी आलं आणि पुढे देवाच्या स्नानाचं पाणीही तीर्थच झालं. वडिलांना पत्रात 'तीर्थरूप' लिहितो, तेव्हा मात्र शब्द पाण्यातून पुन्हा काठावर येतो: ज्यांच्या आधाराने उतरावं, ते.