जोडीदाराच्या पदासाठी अर्ज

“मॅडम, एका मैत्रिणीला मनातलं सांगायचंय. ती हसरी आहे, म्हणून ‘आपल्या जोडीदाराच्या पदासाठी अर्ज’ असं सरकारी थाटाचं पत्र लिहून ठेवलंय. पण ती नुसती हसली आणि विषय तिथेच संपला तर?”

असाच एक अर्ज घेऊन फोंड्याचा एक तरुण माझ्याकडे आला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तो पणजीत एका खात्यात कारकून, ती दुसऱ्या कचेरीत. सकाळची कदंब बस एकच, ओळख वर्षभराची. फुलस्केप कागद, समास आखलेला, वर ‘प्रति’, खाली ‘आपला विश्वासू’. थाट झकास होता.

दुसऱ्याच ओळीत मी अडले. ‘पूर्वीच्या पदधारकाने पद सोडल्याचे समजल्यावरून...’ तिचं ठरलेलं लग्न सहा महिन्यांपूर्वी मोडलं होतं. त्याला हे ठाऊक होतं, पण ओळ कागदावर इतकी रुबाबदार दिसत होती की ती कुणाला लागेल हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. शेवटी होतं, ‘निर्णय चतुर्थीपूर्वी कळवावा, अन्यथा मंजुरी गृहीत धरली जाईल.’ ही त्याची सगळ्यात लाडकी ओळ. मी विचारलं, “म्हणजे ती गप्प राहिली तर हो समजायचं?” तो गप्प झाला.

अशा पत्रात हसू येतं ते अर्जदार हात जोडून उभा असतो म्हणून. साहेब ती, उमेदवार तो. या दोन ओळींत मात्र पारडं फिरलं होतं, आता तिचीच चौकशी चालली होती आणि मुदतही तिलाच होती. दोन्ही ओळी काढल्या.

पात्रतेच्या रकान्यात त्याने ‘प्रेमळ, मेहनती, विनोदी’ लिहिलं होतं. हे कुणीही कुणालाही लिहील. मी म्हटलं, ती तुम्हाला कशावरून हसते ते सांगा. तो लाजत म्हणाला, बसमध्ये मला झोप लागते, जुने गोवे आलं की दचकून उठतो आणि विचारतो, पणजी आली? मग रकाना असा झाला:

‘अनुभव : खिडकीची जागा धरून ठेवणे, एक वर्ष. पैकी निम्मा काळ झोपेत. पात्रता : आपल्या डब्यातील खतखते झाकण न उघडता ओळखणे. भाषा : कोकणीचे ज्ञान आवश्यक, ते आहे. मराठीचे इष्ट, तेही आहे. आपण रागावल्यावर गप्प बसण्याची भाषा शिकत आहे. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला सोबत जोडला आहे.’

गोव्यात सरकारी नोकरीचा फॉर्म भरलेल्या कुणालाही यातली खोच सांगावी लागत नाही. मलाही हसू आवरलं नाही.

मग मी त्याला सहीच्या खाली, गमतीशिवाय, एक साधी ओळ लिहायला सांगितली. तो नाराज झाला. “मॅडम, मग मजाच गेली!” मजा त्याला हवी होती, कारण नकार आला तर ‘अगो, गंमत केली’ म्हणून सुटता आलं असतं. ते तिलाही कळलं असतं, आणि नेमकं कशाला उत्तर द्यायचं हे तिला कळलं नसतं. तुमची भीती हीच आहे. विनोदाला हसू हेच उत्तर असतं; खऱ्या उत्तरासाठी कागदावर प्रश्नही हवा. शेवटी त्याने लिहिलं, ‘वरची गंमत, पण तू मला आवडतेस हे खरं. तुला काय वाटतं? नाही म्हणालीस तर कारण विचारणार नाही.’

ती तुमच्या हाताखाली काम करत असेल, किंवा तुम्ही तिच्या, तर मात्र हा अर्ज अजिबात देऊ नका. तिथे खुर्च्या खऱ्या असतात. चालत्या बसमध्येही देऊ नका, तिला उठून जाता येत नाही. त्याने शुक्रवारी संध्याकाळी फोंड्याला उतरल्यावर दिला आणि घर गाठलं.

सोमवारी काही नाही, मंगळवारी काही नाही. त्याला ‘स्मरणपत्र’ पाठवायचं होतं. मी नको म्हटलं. पहिली चिठ्ठी गंमत असते, दुसरी तगादा. पंधरा दिवस विषयच निघाला नाही, तर एकदा समोरासमोर, साध्या शब्दांत विचारा. तेव्हाही ती हसून दुसरीकडे वळली, तर ते ‘नाही’ समजा.

बुधवारी तिने अर्ज परत दिला. समासात लाल शाईने शेरा होता : ‘त्रुटी. १) झोपेचा काळ अनुभवात धरता येत नाही. २) वास्तव्याचा दाखला जोडलेला नाही. अर्जदाराने समक्ष हजर राहावे.’ खाली निळ्या शाईत, लहान अक्षरांत : ‘घाई नको. आधी चहा.’

त्यानंतर तो माझ्याकडे आला नाही.