पौष्टिकच खातो, तरी वजन का वाढतंय? जेवण लिहून ठेवल्याने काही कळतं का?

प्रश्न : वडापाव, बेकरी, फरसाण सगळं बंद केलंय. भातही कमी केला. मधल्या वेळेला फक्त सुकामेवा, नाचणीचे लाडू असं घरचं खातो. तरी वजन वाढतंय. रोजचं खाणं लिहून ठेवल्याने खरंच काही कळतं का?

उत्तर : कळतं, पण वजनकाट्यावर मोजून लिहिलं तरच. मी आहारतज्ज्ञ आहे, सिंधुदुर्गात काम करतो. माझ्या चुलतभावाचं उदाहरण सांगतो, तुमच्याशी बरंच जुळतंय.

वय २६, वजन ७० किलो, दिवसभर बैठं काम. घरची काजूची बाग वेंगुर्ल्याजवळ. महिन्याला साधारण किलोभर वजन वाढत होतं. मला म्हणाला, “दादा, भात अर्ध्यार इलो, तरी वजन कसां वाढतां?” मी त्याला सांगितलं, आधी काहीही बदलू नकोस. जे खातोस ते तसंच खा आणि मोबाइलच्या ॲपमध्ये लिही.

त्याच्या वय-उंची-वजनावरून रोजची गरज साधारण २,३०० कॅलरी निघत होती. त्याची नोंद म्हणत होती २,२४०. म्हणजे नोंदीप्रमाणे वजन जागेवर राहायला हवं. काटा मात्र वरच चालला होता. गरजेचा आकडा अंदाजाचा असतो हे खरं, पण वजन महिनोन् महिने एकाच दिशेने जात असेल आणि नोंद ते दाखवत नसेल, तर मी पहिला संशय नोंदीवर घेतो.

नोंदीत लिहिलं होतं, “काजू, एक मूठ.” ॲपने मूठ धरली २८ ग्रॅमची, म्हणजे १६० कॅलरी. आता काजूवाल्यांच्या घरातली मूठ बघा. काजूगराची प्रतवारी एका पौंडात किती गर बसतात यावर ठरते. ३२० नंबरचा एक गर जेमतेम दीड ग्रॅमचा, १८० नंबरचा अडीच ग्रॅमचा. आमच्याकडे घरात खायला ठेवतात तो मोठा गर. त्याला म्हटलं, रोज घेतोस तेवढे काट्यावर ओत. वीस गर, ५० ग्रॅम. कॅलरी २९०.

मग लाडू. ॲपमध्ये ‘नाचणी लाडू’ ९० कॅलरींना होता, कोणी कुठला लाडू बघून तो आकडा भरला देव जाणे. काकू करते त्या एका लाडवात साधारण १५ ग्रॅम पीठ, १० ग्रॅम गूळ आणि ८ ग्रॅम तूप जातं. पिठाच्या ५०, गुळाच्या ४०, तुपाच्या ७० धरा, दीडशेच्या वर गेलाच. संध्याकाळी दोन खायचा. नाचणी बिचारी निर्दोष आहे, पण लाडवातल्या निम्म्याच्या आसपास कॅलरी तुपाच्या आहेत.

तिसरी गोष्ट त्याने लिहिलीच नव्हती. अमृत कोकमाचा रोजचा ग्लास. “सरबत काय लिवचा?” अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक. ३० मिली घेतलं तरी शंभरेक कॅलरी येतात.

काजू २९०, दोन लाडू ३२०, सरबत १००, वर एक केळं १००. मधल्या खाण्याच्या झाल्या साधारण ८००. तिन्ही वेळचं जेवण मिळून १,८०० होतं. एकूण २,६००, म्हणजे रोज ३०० जास्त. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी, तेव्हा महिन्याला किलोभर वाढ बरोबर जुळली.

गंमत भाताची आहे. दुपारी जी वाटी त्याने सोडली होती ती १५० ग्रॅम शिजलेल्या भाताची, म्हणजे १९५ कॅलरी. ती सोडल्यामुळे चार वाजता पोटात कावळे ओरडायचे आणि हात काजूच्या डब्यात जायचा. भात सोडून त्याने दीडपट कॅलरी घेतल्या होत्या. मी ती वाटी परत चालू करायला लावली. काजू किंवा लाडू यातलं एकच काहीतरी, दहा गर नाहीतर एक लाडू. अमृत कोकमाऐवजी पाण्यात कोकमाचं आगळ, त्यात साखर नसते. (आगळात मीठ भरपूर असतं, रक्तदाब असेल तर जपून.) बेरीज २,२५०च्या घरात आली आणि वाढ थांबली. उतरवायचं असेल तर आणखी थोडी कात्री लावावी लागेल, तो वेगळा हिशेब.

तुम्ही करताना एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या. भात कच्चा मोजला की शिजलेला, हे लिहा. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५० कॅलरी, शिजलेल्या भातात १३०, इथे गोंधळ झाला की सगळं गणित कोसळतं. फोडणीचं तेल आणि वाटणातलं खोबरंही धरा. वजन रोज सकाळी करून आठवड्याची सरासरी बघा, कारण खारं मासळीचं जेवण झालं की दुसऱ्या दिवशी नुसत्या पाण्याने किलोभर इकडचं तिकडे होतं. असं तीन-चार आठवडे नीट मोजूनही नोंद आणि काटा जुळले नाहीत, तर डॉक्टरांना दाखवून थायरॉइड तपासून घ्या.