प्रत्यारोपणानंतरचा आहार : वजन, साखर आणि पोटॅशियम एकत्र कसे पाहावे?

प्रश्न : माझ्या वडिलांचे किडनी प्रत्यारोपण होऊन दोन महिने झाले. क्रिएटिनिन चांगले आहे, पण वजन सात किलोने वाढले, जेवणानंतरची साखर वाढली आणि आता पोटॅशियम 5.6 आले. आधी साखर कधीच नव्हती. डायलिसिसचे पथ्य परत सुरू करायचे का? नेमके काय खायला द्यावे, आणि बाहेरचे खाणे कधीपर्यंत बंद ठेवावे?

उत्तर :

डायलिसिसचे पथ्य जसेच्या तसे परत सुरू करू नका. मी आहारतज्ज्ञ म्हणून प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांबरोबर काम करते. माझ्या अनुभवात हे तीन आकडे एकाच वेळी वाढलेले दिसले की कारण बहुधा ताटात आणि औषधांच्या वेळापत्रकात मिळून असते. म्हणून पथ्याचा तक्ता मागण्याआधी तीन दिवसांची नोंद करा, आणि त्यांतला एक दिवस सुट्टीचा असू द्या. काय खाल्ले, किती वाट्या, किती वाजता, आणि त्याच कागदावर कोणते औषध किती वाजता घेतले, हे सारे लिहा. चहातली साखर, मिठाचा प्रकार, देवळातला प्रसाद आणि कोणी सांगितलेला काढा यांचीही नोंद हवी, कारण विचारल्याशिवाय हे कोणी सांगत नाही.

पद्धत कळावी म्हणून एका रुग्णाचे उदाहरण घेते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय 46, उंची 165 सेंटिमीटर, प्रत्यारोपणाआधीचे डायलिसिसनंतरचे कोरडे वजन 60 किलो, दोन महिन्यांनी 67. येथे पहिला प्रश्न हा की हे सात किलो पाण्याचे आहेत की चरबीचे. पाणी साठले असेल तर वजन दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलोने उडी घेते, घोट्यावर बोट दाबल्यास खळगा राहतो आणि रक्तदाबही वाढतो. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे लागते, कारण ती नव्या किडनीची तक्रार असू शकते. या गृहस्थांचे वजन मात्र आठवड्याला थोडे थोडे वाढत गेले होते आणि पायांवर सूज नव्हती. कमरेचा घेर 9 सेंटिमीटरने वाढला होता, पण दंडाचा घेर जवळजवळ तेवढाच राहिला होता आणि हात न टेकता खुर्चीवरून उठणे त्यांना जड जात होते. स्टेरॉइडमुळे भूक वाढते, चरबी पोटाभोवती आणि चेहऱ्यावर साठते आणि स्नायू झिजतात. हे चित्र तेच सांगत होते. म्हणून त्यांना नुसते ‘कमी खा’ सांगणे चुकीचे ठरले असते. प्रथिने टिकवून पिष्ट आणि तेल कमी करणे आवश्यक होते.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिना-दीड महिन्यात जखम भरण्यासाठी आणि स्टेरॉइडचा डोस जास्त असल्यामुळे प्रथिनांची गरज वाढलेली असते. ती कोरड्या वजनाच्या दर किलोला साधारण 1.2 ते 1.4 ग्रॅम धरतात. त्यानंतर किडनी स्थिर असेल तर ती 0.8 ते 1 ग्रॅमवर आणतात. या रुग्णासाठी आम्ही दिवसाला सुमारे 60 ग्रॅम प्रथिने आणि 1700 ते 1800 कॅलरी ठरवल्या. हिशेब 67 किलोवर न करता 60 किलोवर केला. वाढलेली चरबी धरून हिशेब केला, तर ती पोसण्याइतकेच अन्न आपण लिहून देतो.

आता साखर. त्यांची उपाशीपोटीची साखर 96 होती, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी 244 आणि रात्रीच्या जेवणाआधी 208. सकाळी नाश्त्याबरोबर घेतलेल्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा साखरेवरील परिणाम दुपारपासून संध्याकाळपर्यंत सर्वांत जास्त असतो आणि रात्री ओसरतो. त्यात शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधामुळे स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी स्रवते. त्यामुळे फक्त उपाशीपोटीची साखर पाहणाऱ्यांच्या नजरेतून हा मधुमेह सुटतो. एचबीए1सी या चाचणीवरही पहिल्या तीन महिन्यांत विसंबता येत नाही, कारण रक्तक्षय, रक्त चढवणे आणि रक्तवाढीची इंजेक्शने यांमुळे तिचा आकडा खोटा येतो. वडिलांची साखर घरी ग्लुकोमीटरवर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी तपासा. चार-पाच दिवसांच्या या नोंदी डॉक्टरांच्या फार उपयोगी पडतात.

त्यांच्या नोंदीत सकाळी अर्धी वाटी पोहे, दुपारी तीन पोळ्या, दोन वाट्या भात आणि बटाट्याची भाजी, आणि पाच वाजता कडकडून भूक लागल्यावर चहाबरोबर खारी, बिस्किटे आणि एक केळे होते. ज्या वेळी शरीराला साखर हाताळता येत नव्हती, नेमक्या त्याच वेळी दिवसातले बहुतेक पिष्ट पोटात जात होते. आम्ही सकाळचा नाश्ता वाढवला आणि त्यात अंडी किंवा मूगडाळीचे धिरडे आणले. दुपारी दोन लहान भाकऱ्या, अर्धी वाटी भात, घट्ट वरण, भरपूर भाजी आणि घरचे ताजे दही ठेवले. पाच वाजता बिनसाखरेचा चहा, पूर्ण उकडलेले अंडे किंवा घरच्या पनीरचा तुकडा, आणि सफरचंद ठरले. जेवणानंतर वीस मिनिटे चालणे सुरू झाले. तरीही आहाराने सगळे साधेल असे मी कोणालाही सांगत नाही. त्यांच्या डॉक्टरांनी सकाळचे इन्सुलिनही सुरू केले. ते चालू असताना दुपारचे जेवण चुकवायचे नाही. स्टेरॉइडचा डोस उतरत जातो तशी इन्सुलिनची गरजही उतरते, म्हणून डोस बदलला की साखर पुन्हा जास्त वेळा तपासावी लागते, नाहीतर ती अचानक खाली जाते.

पोटॅशियमबाबत सर्वांत आधी नमुना बरोबर होता का ते विचारा. रक्त काढताना पेशी फुटल्या तर आकडा वाढलेला दिसतो. पण पुन्हा तपासूनही तेच आले, तर दोष सगळा केळ्याचा नसतो. टॅक्रोलिमसमुळे किडनीतून पोटॅशियम बाहेर टाकणे मंदावते. न्यूमोनिया टाळण्यासाठी दिली जाणारी कोट्रायमॉक्झॅझोलची गोळी आणि रक्तदाबाची काही औषधेही तेच करतात. वाढलेली साखर, रक्तातली आम्लता आणि बद्धकोष्ठता त्यात भर घालतात. म्हणूनच क्रिएटिनिन उत्तम असूनही पोटॅशियम वाढू शकते. गोळ्या आपण होऊन बंद करू नका. टॅक्रोलिमसची पातळी, बायकार्बोनेट आणि ही औषधे डॉक्टरांना एकत्र पाहू द्या. आकडा 6 किंवा त्याहून वर गेला, अथवा हातापायांत अशक्तपणा आणि छातीत धडधड जाणवली, तर आहारात बदल करत बसण्याची वेळ नसते. लगेच रुग्णालयात जाऊन ईसीजी काढावा लागतो.

या गृहस्थांच्या नोंदीत दोन गोष्टी ठळक होत्या. ‘किडनीला चांगले’ म्हणून ते रोज एक शहाळे पीत होते, ज्यातून 500 मिलिग्रॅमहून जास्त पोटॅशियम जाते. आणि रक्तदाबासाठी घरात कमी सोडियमचे मीठ आणले होते. अशा मिठात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम क्लोराइड असते. तो भाग 15 टक्के धरला, तरी दिवसाच्या 5 ग्रॅम मिठातून सुमारे 390 मिलिग्रॅम पोटॅशियम जाते, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. पाकिटावरचे घटक वाचा आणि साधे आयोडीनयुक्त मीठच, पण दिवसाला एक सपाट चमचा, लोणचे-पापड धरून वापरा. शहाळे, हे मीठ आणि पाच वाजताचे केळे थांबवले, बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकून देण्यास सांगितले, आणि डॉक्टरांनी औषधांचे डोस पाहिले. त्यानंतरच्या तपासण्यांत पोटॅशियम 5 च्या खाली आले. मग भाज्या उकळून पाणी टाकण्याचा नियम आम्ही काढून टाकला. गरज संपल्यावरही तो चालू ठेवला, तर जीवनसत्त्वे वाया जातात आणि डायलिसिसच्या काळात आधीच निरस झालेले जेवण आणखी निरस होते.

एक फळ मात्र पोटॅशियमच्या हिशेबाबाहेर कायमचे बंद ठेवा : पपनस, आणि त्याच्याच कुळातले ग्रेपफ्रूट. ही फळे टॅक्रोलिमसचे विघटन रोखतात, त्यामुळे रक्तातली पातळी वाढून किडनीलाच इजा होऊ शकते. काढे आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ चूर्णेही नकोत. येथे प्रतिकारशक्ती जाणूनबुजून दाबलेली असते.

बाहेरच्या खाण्याविषयी मी सर्वांत कडक असते. पहिले सहा महिने औषधांचे डोस जास्त असतात, म्हणून तोवर बाहेरचे पूर्ण बंद ठेवणे शहाणपणाचे. त्यानंतरही पाणीपुरीचे पाणी, उसाचा रस, बर्फ, चिरून ठेवलेली फळे आणि गाडीवरची कच्ची चटणी नकोच. तरी माझ्या पाहण्यातल्या कितीतरी तक्रारी घरच्याच अन्नातून सुरू झालेल्या असतात. मोड आलेली मटकी पौष्टिक म्हणून कच्ची दिली जाते, पण ओलाव्यात आणि उबेत मोडाबरोबर साल्मोनेलासारखे जंतूही वाढतात. ती शिजवूनच द्यावी. पंचामृतात दूध बहुधा न तापवलेले असते, म्हणून तीर्थ म्हणून चमचाभर घेणेही टाळावे. भात शिजवून रात्रभर ओट्यावर ठेवला आणि सकाळी फोडणी दिली, तर बॅसिलस सेरियस या जंतूने तयार केलेले विष त्या उष्णतेने नष्ट होत नाही. शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात तर तासाभरात, फ्रिजमध्ये ठेवावे, आणि काढल्यावर एकदाच, वाफा येईपर्यंत गरम करावे. अंड्याचा बलक घट्ट हवा. पाणी खळखळून उकळी फुटल्यावर किमान मिनिटभर उकळून झाकून ठेवावे. कोशिंबिरीची काकडी आणि गाजर स्वच्छ पाण्याने धुऊन, सोलून, मांस-मासळीला न लागलेल्या सुरीने आणि पाटावर चिरावे.

एवढी काळजी घेऊनही जुलाब लागलेच, तर घरी ओआरएस देत वाट पाहू नका. ओआरएसमध्येही पोटॅशियम असते, त्यामुळे 5.6 आकडा असलेल्या माणसाला ते डॉक्टरांना विचारूनच द्यावे. शिवाय जुलाबांत टॅक्रोलिमस आतड्यातून जास्त शोषले जाते आणि त्याची पातळी चढते, आणि शरीरातले पाणी कमी होऊन क्रिएटिनिनही वाढते. जुलाब हे मायकोफिनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या दुसऱ्या औषधाचेही दुष्परिणाम असू शकतात, पण ते ठरवणे आणि डोस बदलणे प्रत्यारोपण केंद्राचे काम आहे. त्याच दिवशी फोन करा आणि टॅक्रोलिमसची पातळी, क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासायचे का, हे विचारा. औषध घेतल्यावर उलटी झाली असेल तर किती वेळाने झाली, तेही सांगा, कारण तो डोस पुन्हा द्यायचा की नाही हे त्यावर ठरते.