प्री-ईएमआयचा बँकेने कापलेला आकडा माझ्या हिशोबाशी जुळत नाही. सँक्शन लेटर आणि डिस्बर्समेंटच्या नोंदी हातात आहेत. कसा तपासू?

तुम्ही बहुधा महिनाअखेरच्या बाकीला वार्षिक दराने गुणून १२ ने भागत असाल. ज्या महिन्यात नवा हप्ता बिल्डरकडे जातो, त्या महिन्यात हे चुकतंच. प्री-ईएमआय सहसा दिवसांवर निघतो: दिलेली रक्कम × दर × दिवस ÷ ३६५. हीच पद्धत आहे का आणि दर किती, हे सँक्शन लेटरमध्ये आधी बघा. मंजूर रकमेचा इथे संबंध नाही. व्याज फक्त दिलेल्या रकमेवर.

समजा मंजुरी ४० लाखांची, दर ८.५०%. प्लिंथला १२ ऑगस्ट २०२४ रोजी ८ लाख गेले आणि पहिल्या स्लॅबला २० सप्टेंबरला ६ लाख. सप्टेंबरचा हिशोब दोन ओळींत मांडा. ८ लाखांवर पूर्ण ३० दिवसांचे ५,५८९ रुपये. ६ लाखांवर २० ते ३० तारखेचे ११ दिवस, म्हणजे १,५३७. एकूण ७,१२६. स्टेटमेंटवर ९,७८१ दिसले, तर सरळ समजा की १४ लाखांवर अख्ख्या महिन्याचं व्याज लावलंय. २,६५५ रुपये जास्तीचे आहेत, आणि ते मागायलाच हवेत.

आता तारीख. स्टेटमेंटवरची तारीख बिल्डरच्या पावतीशी ताडून पाहा. चेक २० तारखेचा, पण बिल्डरच्या हाती २७ ला पडला असेल, तर मधल्या ७ दिवसांचे ९७८ रुपये तुमच्या माथी बसतात. चेकची तारीख धरून व्याज लावणं, करार झाल्या दिवसापासून लावणं किंवा काही दिवसांसाठी पूर्ण महिन्याचं घेणं, या तिन्ही गोष्टींवर रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात बोट ठेवलंय आणि जादा व्याज परत करायला सांगितलंय. शाखेला लिहिताना हा दाखला द्या, सोबत पावतीची प्रत जोडा.

तरीही दर महिन्याला थोडासा, जवळपास सारखाच फरक राहत असेल, तर पहिल्या डिस्बर्समेंटची फोड मागा. बऱ्याचदा कर्जाच्या विम्याचा हप्ता त्याच दिवशी कर्जातच घातलेला असतो. बिल्डरला ८ लाख मिळतात, खात्यावर मात्र ८ लाख ४० हजार चढतात, आणि ३० दिवसांच्या महिन्याला २७९ रुपये वाढतात. हा विमा सँक्शन लेटरमध्ये लिहिलेला आणि तुम्ही सही केलेला असेल, तर ती बँकेची चूक नव्हे.

फ्लोटिंग दर महिन्याच्या मध्येच बदलला असेल, तर त्या तारखेला महिन्याचे दोन तुकडे करून प्रत्येकाचे दिवस वेगळे मोजा.