पाच हजार बाकी, मग व्याज बावीसशे कसं?

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, थोडी शेतीही आहे. ५ जूनला मोंढ्यात क्रेडिट कार्डावर ५०,००० रुपयांचं बियाणं-खत घेतलं. बिल २० जूनला निघालं, शेवटची तारीख १० जुलै. त्याच दिवशी ४५,००० भरले. १२ जुलैला कार्डावरच १२,००० ची मोटार घेतली. २० जुलैच्या बिलात २,२४४ रुपये व्याज आणि ४०४ रुपये जीएसटी लावलाय. ही लूट नाही का? शिवाय दुकानदार आता ‘पे लेटर’ घ्या म्हणतोय. सही करावी का?

उत्तर : सर, आकडा बघून राग येणारच. पण बँकेचा हिशेब मी मांडून पाहिला आणि तो जुळतो.

बिनव्याजी मुदत मिळते ती पूर्ण बिल मुदतीत भरलं तरच. एक रुपया जरी मागे राहिला तरी ती सवलत जाते, आणि व्याज शेवटच्या तारखेपासून नव्हे तर खरेदीच्या दिवसापासून धरलं जातं. तुमच्या बिलावर व्याजदर महिना ३.६ टक्के, म्हणजे वर्षाला ४३.२ टक्के असणार. ५ जून ते १० जुलै हे ३५ दिवस बँकेचे पूर्ण ५०,००० तुमच्याकडे होते, त्याचे २,०७१ रुपये झाले. पुढचे दहा दिवस उरलेल्या ५,००० वर ५९ रुपये. मोटारीच्या १२,००० वर आठ दिवसांचे ११४. मोटारीवर व्याज पहिल्या दिवसापासून लागलं, कारण मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत नसते. ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही आणि खरा फटका इथूनच बसत राहतो.

दर फार आहे, या एकाच मुद्द्यावर भांडून फारसं हाती लागणार नाही. वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

बँक चुकली आहे का ते वेगळ्या ठिकाणी शोधा. व्याजाचा दिवसवार तपशील लेखी मागा. १० जुलैनंतरही व्याज ५०,००० वरच धरलेलं दिसलं तर ते चूक, कारण भरलेली रक्कम वजा करूनच व्याज लावायचं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. न भरलेला जीएसटी किंवा एखादी फी मुद्दलात मिसळून तिच्यावर व्याज चढवलं असेल तर तेही चालत नाही. लेट फी तर तुम्हाला लागूच नये. किमान रकमेपेक्षा कितीतरी जास्त तुम्ही वेळेत भरलेत. यातलं काही सापडलं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. हे मी वकील असून सांगतोय.

तपशील येईपर्यंत मात्र पैसे अडवून धरू नका. १७,००० च्या मुद्दलावर रोज वीस रुपये चढताहेत, त्यामुळे १० ऑगस्टची वाट न बघता पूर्ण १९,६४८ आजच भरा. तरी पुढच्या बिलात शे-दीडशे रुपये दिसतील. ते २० जुलैपासून भरल्या दिवसापर्यंतचं व्याज. तेही भरून टाका, आणि बाकी शून्य झाल्याशिवाय कार्ड वापरू नका. बँकेचा फोन येईल, ‘ईएमआय करून देतो’ म्हणतील. प्रोसेसिंग फी, व्याजावरचा जीएसटी आणि मुदतीआधी बंद केल्यास लागणारा आकार विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

आता पे लेटर. ते उधारखातं नसून कर्ज असतं, आणि कर्ज दुकानदार किंवा ॲप देत नाही, त्यामागची बँक किंवा वित्त कंपनी देते. तिचं नाव करारात नसेल तर सही करू नका. सहीआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागून घ्या. त्यात ‘एपीआर’ म्हणून एक टक्केवारी असते, तिच्यात व्याजासोबत प्रोसेसिंग फीसारखे आकारही धरलेले असतात. ‘शून्य टक्के’ची जाहिरात आणि हा आकडा शेजारी ठेवून बघा. हप्ता चुकल्यास काय लागेल आणि खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी किती रकमेपर्यंत मागितली आहे, हेही वाचा. त्या कागदावर नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. घेतल्यावर मन बदललं तर किमान एक दिवसाची ‘कूलिंग ऑफ’ मुदत असते. तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांचा आकार भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. प्रोसेसिंग फी मात्र आधी कळवलेली असेल तर कर्ज देणारे ती ठेवून घेऊ शकतात.