गुण 2.31, तरी नाव अपुरे

प्रश्न: चार वर्षांच्या मुलाला रक्ताचे जुलाब होत आहेत. मॅककॉन्कीवरील कॉलनी रंगहीन आहे, एक्सएलडीवर लाल असून मधोमध काळा ठिपका नाही. मालडी-टॉफने मात्र ई. कोलाय सांगितले, गुण 2.31. पुन्हा स्मिअर लावू, की रिपोर्ट देऊन टाकू?

उत्तर: दोन्ही करू नका. स्मिअर जाड झाला किंवा मॅट्रिक्सचे स्फटिक नीट बनले नाहीत, तर गुण घसरतो आणि तेव्हा पुन्हा लावण्याला अर्थ असतो, येथे 2.0 च्या वरचा स्वच्छ गुण आहे, म्हणजे दहा वेळा लावले तरी बहुधा हेच नाव येईल.

कारण असे, की कॉलनीवर मॅट्रिक्सचा एक मायक्रोलिटर थेंब टाकून लेसर मारल्यावर यंत्र साधारण 2,000 ते 20,000 डाल्टनमधील प्रथिनांचे वस्तुमान मोजते, आणि त्यातील ठळक शिखरे प्रामुख्याने रायबोसोमच्या प्रथिनांची असतात. रक्ताचे जुलाब आणि रंगहीन कॉलनी पाहून जिचा संशय येतो, ती शिगेला जनुकीयदृष्ट्या ई. कोलायच्याच कुळातील आहे; आतड्याच्या पेशींत घुसण्याची तिची क्षमता मुख्यतः एका मोठ्या प्लास्मिडवरून येते, रायबोसोमवरून नव्हे. त्यामुळे रोजच्या पद्धतीत दोघींचे ठसे वेगळे काढता येत नाहीत. शिवाय 2.31 ही निदान बरोबर असण्याची शक्यता नव्हे, ते संग्रहातील नमुन्याशी असलेले साम्य आहे. संग्रहात शिगेला नसेल, तर यंत्र तिचे नाव घेणार तरी कसे?

तेव्हा यंत्राचे उत्तर 'ई. कोलाय किंवा शिगेला' असे वाचा आणि जैवरासायनिक चाचण्यांच्या जुन्या नळ्या काढा. माझ्याकडे अशाच एका कॉलनीत टीएसआयचा उतार लाल व तळ पिवळा आला, वायू नाही, काळेपणा नाही. चलनशीलता नाही, लायसिन निगेटिव्ह, इंडोल निगेटिव्ह, पण ऑर्निथिन पॉझिटिव्ह. शेवटच्या दोन निकालांची जोडी शिगेला सोनेईकडे बोट दाखवते. फ्लेक्सनेरीत ऑर्निथिन निगेटिव्ह येते. मात्र काही ई. कोलायही लॅक्टोज न आंबवणाऱ्या, न हलणाऱ्या आणि वायू न सोडणाऱ्या असतात, म्हणून केवळ नळ्यांवर थांबू नये.

नंतर अँटिसेराने ॲग्लुटिनेशन करा. त्यासाठी कॉलनी न्यूट्रिअंट अगारवरून घ्या, मॅककॉन्कीवरून नको, आणि शेजारी नुसत्या सलाइनचा थेंब ठेवाच. त्यातही गुठळ्या दिसल्या तर चाचणी बाद. नळ्या शिगेला सांगत असूनही गुठळी येत नसेल, तर वरचे आवरण प्रतिद्रव्याला अडवत असू शकते. सलाइनमधील द्रावण उकळून, थंड करून पुन्हा पाहावे.

ही परीक्षा होईपर्यंत डॉक्टरांना फोनवर 'शिगेलाचा संशय, खात्री सुरू आहे' एवढे कळवा आणि प्रतिजैविकांची संवेदनशीलता चाचणी लगेच लावा, कारण तिला नावासाठी थांबण्याची गरज नाही. एका प्रयोगशाळेत 'नेहमीचा ई. कोलाय, रोगकारक आढळला नाही' असा रिपोर्ट गेलेला मी पाहिला आहे. कॉलनी रंगहीन होती, पण गुण चांगला आल्यामुळे प्लेट पुन्हा कोणी उघडलीच नव्हती.