आडवा व्हिडिओ उभा करताना

शेंगा चटणीचा आपला आठ मिनिटांचा आडवा व्हिडिओ यूट्यूबवर जसा आहे तसा शोभतो, कारण तेथील प्रेक्षक कृती शिकण्यासाठी सवड काढून बसलेला असतो. तोच रीलसाठी उभा कापला की १९२० रुंदीतील जेमतेम ६०८ पिक्सेल, म्हणजे एक तृतीयांशाहूनही कमी भाग उरतो. आपल्या चित्रीकरणात उखळ डावीकडे आणि आपण उजवीकडे असल्याने दोहोंपैकी एक कापले जाणारच. म्हणून पुढच्या वेळी उखळ मधोमध ठेवावे आणि शक्य असल्यास फोरकेमध्ये चित्रण करावे, म्हणजे कापलेली चौकटही १२१५ पिक्सेल रुंद राहते व धूसर दिसत नाही.

रीलमध्ये ‘नमस्कार, मी सोलापूरहून’ ही प्रस्तावना मी काढून टाकेन आणि मुसळाच्या पहिल्या घावानेच सुरुवात करून, शेंगदाण्यांना तेल सुटेपर्यंतची चाळीस सेकंदे ठेवेन. अनेक जण आवाज बंद ठेवून पाहतात, त्यामुळे प्रमाण अक्षरांत द्यावे. मात्र ती अक्षरे तळाशी नकोत, कारण तेथे खात्याचे नाव आणि मजकूर त्यांवर येतो. फेसबुकवर गावाबाहेर राहणारे आपले सोलापूरकर भेटतात, तेव्हा तेथील ओळ घरगुती बोलीत लिहावी.

प्रत्येक ठिकाणी मूळ फाइलच चढवावी. एका ॲपवरून उतरवलेली प्रत दुसऱ्यावर टाकल्यास चित्र पुन्हा दाबले जाऊन मिरचीचा लाल रंग फुटतो.